बाराव्या मिनिटाला वर्ग निसटतो: अवधान नेमकं कुठे तुटतं ते कसं शोधायचं

तक्रार साधी आहे आणि शिकवणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. सातवीचा वर्ग, चाळीस मिनिटांचा गणिताचा तास. सुरुवातीची दहा मिनिटं मुलं माझ्याबरोबर असतात. बाराव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी सुटतं. गोंगाट होत नाही, त्यामुळे ते लगेच लक्षातही येत नाही. कुणी पट्टी बोटावर तोलत असतं, कुणी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत असतं. बाकीचे फळ्याकडे बघत असतात, पण डोळे हलत नाहीत. मधेच एखाद्याला प्रश्न विचारला की तो दचकून "अं?" म्हणतो. नवा घटक सुरू केला की दर वेळी हेच.

हे तीन-चार आठवडे सतत घडल्यावर मी आधी सगळे करतात तेच केलं. टाळी वाजवली, आवाज चढवला, दोघांना पहिल्या बाकावर आणलं, मधे एक गमतीदार गोष्ट सांगितली. प्रत्येक उपाय चालला, पण मिनिटभरच. तो मिनिटभरच का चालतो हे कळलं तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं.

टाळीने येतं ते अवधान वेगळं असतं

शिक्षक प्रशिक्षणात अवधानाचे प्रकार आपण सगळ्यांनी पाठ केलेले असतात: अनैच्छिक, ऐच्छिक आणि सवयीचं. परीक्षेनंतर ते विसरले जातात. खरा उपयोग मात्र वर्गातच आहे.

अनैच्छिक अवधान बाहेरून ओढलं जातं. दार वाजलं, खडू पडला, टाळी वाजली की मान आपोआप वळते. त्याला काही कष्ट लागत नाहीत. पण आवाजाचं कारण कळलं की ते तितक्याच सहज ओसरतं, आणि तीच टाळी चौथ्यांदा वाजली की मानही वळत नाही. ऐच्छिक अवधान मुलाला स्वतः लावावं लागतं, आणि ते एकदा लावलं की लागून राहत नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की मुद्दाम लावलेलं लक्ष एका वेळी काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. ते निसटतं आणि आपण पुन्हा आणतो, पुन्हा निसटतं, पुन्हा आणतो. सवयीचं अवधान तिसरं. ज्या मुलाला अपूर्णांकांची गोडी लागली आहे त्याचं लक्ष तिथे आपसूक राहतं. पण नवा घटक शिकताना हे तिसरं अवधान जवळजवळ कुणाकडेच नसतं, ते पुढे सरावातून येतं.

म्हणजे मी टाळीने पहिल्या प्रकारचं अवधान मिळवत होतो आणि पाठ चालायला लागणार होतं दुसऱ्या प्रकारचं. मान माझ्याकडे वळत होती, पण तिला धरून ठेवेल असं फळ्यावर काही नव्हतं.

गोष्टीचं तर उलटंच झालं. दुसऱ्या दिवशी मुलांना गोष्ट अक्षरशः आठवत होती. ज्यासाठी सांगितली तो भागाकार आठवत नव्हता. हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी पडते यावरच्या उताऱ्यांवर हेच तपासलं होतं. रंजक पण मूळ मुद्द्याशी संबंध नसलेले तपशील घातले की वाचणाऱ्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली. गोष्ट सांगू नये असं मी म्हणत नाही. पण ती गोष्ट काढून टाकली तर गणित अडेल, इतकी ती गणिताला जोडलेली हवी.

आधी मोजलं

शेजारच्या वर्गाच्या बाईंना विनंती केली की एक तास मागे बसा. वर्गातली सहा मुलं निवडली: दोन पुढची, दोन मधली, दोन मागची. दर दोन मिनिटांनी त्यांनी एकेका मुलाकडे फक्त क्षणभर बघायचं आणि कागदावर खूण करायची. पाठाच्या कामात असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली, सांगता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. कुणाला सूचना द्यायची नाही, टोकायचं नाही.

नुसत्या डोळ्यांवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. फळ्याकडे बघणारं मूल मनाने भलतीकडे असू शकतं आणि चौकोन काढणारी मुलगी प्रत्येक शब्द ऐकत असू शकते. म्हणून मी तासात तीनदा थांबलो आणि सगळ्यांना छोट्या चिठ्ठीवर एकच ओळ लिहायला सांगितली: "आत्ता आपण काय करतोय आणि पुढची पायरी कोणती?" नाव लिहायचं, गुण नाहीत, एका मिनिटात चिठ्ठी पुढे.

त्या तासाचा घटक होता अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणं. बाईंच्या कागदावर आठव्या मिनिटापर्यंत सहापैकी पाच किंवा सहा मुलं कामात होती. बाराव्याला चार, चौदाव्याला दोन, सोळाव्याला एक. तास संपल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, नवव्या मिनिटापासून सोळाव्यापर्यंत तुम्ही फळ्याशी बोलत होतात. मुलांना करायला काहीच नव्हतं, फक्त उतरवून घ्यायचं होतं."

मी चिठ्ठ्या उघडल्या. मला कोऱ्या चिठ्ठ्यांची अपेक्षा होती. कोऱ्या थोड्याच होत्या. बऱ्याच जणांनी पायरी लिहिली होती, पण चुकीची लिहिली होती. आणि चूक सगळ्यांची एकच.

एकसारखे दिसणारे दोन बिघाड

फळ्यावर गणित होतं ३/४ ÷ ३/८. रीत अशी की भाजकाचा गुणाकार व्यस्त घ्यायचा आणि गुणायचं: ३/४ × ८/३ = २४/१२ = २. चिठ्ठ्यांत होतं ४/३ × ३/८ = १२/२४ = १/२. मुलांनी पहिला अपूर्णांक उलटा केला होता. म्हणजे "काहीतरी उलटं करायचं" हे त्यांनी नीट ऐकलं होतं. "कोणतं" ते निसटलं होतं.

ही मुलं बेफिकीर नव्हती. त्यांच्या डोक्यात एका वेळी जेवढं मावतं त्यापेक्षा जास्त मी ओतत होतो. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी मनात धरू शकतो. माझ्या बाराव्या मिनिटात काय काय होतं ते मोजा. "गुणाकार व्यस्त" हा नवा शब्द, भागाकाराच्या चिन्हाचं गुणाकारात रूपांतर, दोनपैकी कोणता अपूर्णांक उलटायचा याचा निर्णय, शेवटी संक्षिप्त रूप. आणि हे सगळं ऐकताना फळ्यावरून उतरवूनही घ्यायचं. लक्ष दोन कामांत विभागलं जातं तेव्हा ते खरं तर या कामावरून त्या कामावर उड्या मारत असतं, आणि प्रत्येक उडीत एखादा शब्द पडतो. इथे पडला तो शब्द "भाजकाचा". तो पडला की पुढचं काहीच जुळत नाही, आणि काही जुळत नाही तिथे मूल कष्ट करून लक्ष आणणं सोडून देतं. पट्टी बोटावर तोलली जाते ती त्यानंतर.

दुसरा बिघाड पुढच्या आठवड्यात सापडला. उजळणीचा तास होता, गणितं सोपी. बाई पुन्हा मागे बसल्या. या वेळी घसरण नवव्या मिनिटालाच सुरू झाली आणि चिठ्ठ्या कोऱ्या आल्या, काहींवर "उजळणी" एवढंच. इथे भार जास्त नव्हता, उलट करायला काही नव्हतं म्हणून मन वाहून गेलं होतं. नॉर्मन मॅकवर्थ यांचा १९४८ मधला प्रयोग मला इथे नेहमी आठवतो. एक काटा गोल फिरत असतो, ठरावीक उडी मारत. क्वचित तो दुप्पट उडी मारतो आणि बघणाऱ्याने तेवढीच टिपायची असते. पहिल्या अर्ध्या तासानंतर माणसांच्या चुका वाढल्या. काम सोपं होतं, पण काही घडत नसताना जागं राहायचं होतं. माझ्या उजळणीत मी बोलत होतो आणि मुलं दुप्पट उडीची वाट बघत होती.

हे दोन बिघाड मागच्या भिंतीवरून हुबेहूब सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय उलटे आहेत. भारावलेल्या वर्गाला तुम्ही आणखी खेळ, आणखी प्रश्न, आणखी वेग दिलात तर तो जास्त बुडतो. वाहून गेलेल्या वर्गाला तुम्ही आणखी सावकाश, आणखी सोपं करून सांगितलंत तर तो जास्त वाहतो. म्हणून उपायाआधी ओळखणं.

ओळखायची खूण चिठ्ठीत आहेच: चुकीची पण विषयाला धरून असेल तर भार, कोरी असेल आणि गणित सोपं असेल तर वाहणं. चिठ्ठीला वेळ नसेल तर दुसरी खूण बघा. "हे एक गणित वहीत करा" म्हणा आणि पंधरा-वीस सेकंद गप्प उभे राहा. वाहून गेलेलं मूल पेन उचलतं, फळ्याकडे एकदा बघतं आणि सुरू करतं. भारावलेलं मूलही पेन उचलतं, पण त्याची नजर शेजारच्या वहीवर जाते. कोरी चिठ्ठी कधीकधी पूर्ण हरवलेल्या मुलाचीही असते, आणि तो फरक या खुणेने कळतो.

भार असेल तेव्हा

तोच घटक मी दुसऱ्या तुकडीत असा घेतला. प्रत्येकाच्या हातात कागदाची एक पट्टी, तिला दुमडून आठ समान भाग. सहा भाग रंगवायला सांगितले. सहा म्हणजे ६/८, म्हणजेच ३/४. मग एकच प्रश्न: "रंगवलेल्या भागात ३/८ किती वेळा बसतो?" मुलांनी तीन-तीन भागांवर बोट ठेवून मोजलं. दोनदा. उत्तर २ हे रीत शिकण्याआधीच त्यांच्या हातात आलं. सहा मिनिटं गेली. ती मला वाया वाटली नाहीत, कारण आता १/२ हे उत्तर आलं तर मुलाला स्वतःलाच खटकणार होतं.

मग फळा. पेन खाली. हे मी सांगतो आणि खरंच सगळी पेनं खाली जाईपर्यंत बोलत नाही. पूर्ण सोडवलेलं एक गणित, एका ओळीत एकच पायरी, भाजकाखाली रंगीत खडूची रेघ. चार मिनिटं फक्त ऐकणं. त्यानंतर दोन मिनिटं फक्त उतरवणं, आणि त्या दोन मिनिटांत मी तोंड उघडत नाही. हे पाळायला मला सर्वांत जड गेलं. मुलं लिहीत असताना "आणि हो, इथे लक्षात ठेवा" असं म्हणायची सवय हाडीमासी खिळलेली असते, आणि ते वाक्य कुणीच ऐकत नाही.

पुढचं गणित शेवटची पायरी मोकळी ठेवून, त्यापुढचं शेवटच्या दोन मोकळ्या ठेवून. आधीचं गणित पुसायचं नाही. जे फळ्यावर दिसतं ते मनात धरून ठेवावं लागत नाही, आणि मोकळी झालेली जागा नव्या पायरीला मिळते. संक्षिप्त रूप त्या दिवशी घेतलंच नाही, दुसऱ्या दिवसावर टाकलं. चिठ्ठ्यांत पहिला अपूर्णांक उलटा करणारे या वेळी चारच निघाले, आणि त्यांना वेगळं बसवून दाखवायला पाच मिनिटं पुरली.

मन वाहत असेल तेव्हा

इथे उपाय एकच, पण तो नीट करावा लागतो: बोलणं तोडून मधे प्रत्येकाला काहीतरी आठवायला लावणं. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ मध्ये एकवीस मिनिटांचं ध्वनिचित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली त्यांचं मन कमी भटकलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटी जास्त आठवलं. "पंधरा मिनिटांनी लक्ष संपतं" असं जे आपण ऐकतो त्याला फारसा आधार नाही. बन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनाच बटण दाबून लक्ष सुटल्याचं नोंदवायला सांगितलं, तेव्हा लक्ष पहिल्या काही मिनिटांपासून थोड्या थोड्या वेळासाठी सुटत असल्याचं दिसलं. प्रश्न आणि प्रात्यक्षिकं चालू असताना ते कमी सुटत होतं, आणि त्यांच्या लगेच नंतरच्या बोलण्यातही कमी. म्हणून घड्याळ बघून मधेच खेळ घेण्याची गरज नाही. दर पाच-सहा मिनिटांनी एक प्रश्न हवा, आणि त्यानंतर लगेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य.

प्रश्न कसा विचारायचा यात मात्र सगळं आहे. "अमुक, सांग, भाजक कोणता?" असं नाव आधी घेतलं की उरलेल्या वर्गाला सुट्टी मिळते. प्रश्न आधी, मग थांबायचं, मग नाव. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली आणि "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा. पहिल्या आठवड्यात मी हातातला खडू तीनदा तळव्यावर टेकवून ते मोजत होतो. आणि तोंडी उत्तर एकच मूल देतं, म्हणून दर दुसरा प्रश्न वहीत लिहायचा.

पाठाबाहेरची कारणं

पाठ बदलूनही तीच घसरण तशीच राहिली तर खोली बघा. फळ्याच्या आजूबाजूला तक्ते, चित्रं, रंगीत पताका भरल्या असतील तर लहान मुलांचं लक्ष तिकडे जातं. फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी २०१४ मध्ये बालवर्गात हे तपासलं. सजवलेल्या खोलीत मुलं जास्त भरकटली आणि कमी शिकली. मी फक्त फळ्याची भिंत मोकळी केली, तक्ते मागच्या भिंतीवर गेले.

घसरण सगळ्या वर्गाची नसून एकाच मुलाची असेल तर प्रश्न वेगळा आहे आणि तिथे आपण घाई करू नये. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठलेलं मूल काही दिवस नीट ऐकतं, काही दिवस नाही. तुम्ही त्याच्याकडे तोंड करून बोललात की ते समजतं आणि फळ्याकडे वळलात की हरवतं. झोप अपुरी असलेलं मूल पहिल्या तासाला चिडचिडं असतं. आणि एक खूण प्रत्येक शिक्षकाला माहीत हवीच: मूल बोलता बोलता अचानक थांबतं, नजर शून्यात जाते, नावाने हाक मारली, खांद्याला हात लावला तरी प्रतिसाद नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करतं. दिवास्वप्नात हरवलेलं मूल हात लावल्यावर भानावर येतं, हे येत नाही. ही अपस्माराच्या एका प्रकाराची खूण असू शकते. त्या मुलाला रागवायचं नाही. वेळ आणि काय दिसलं ते लिहून ठेवायचं, त्याच दिवशी पालकांना सांगायचं आणि डॉक्टरांना दाखवायला सुचवायचं. अवधान-अस्थिरतेबद्दलही तसंच. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घरी, वर्गात, अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी असावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला दिसणारं लक्षण म्हणजे बहुधा गणिताच्या तासाचंच लक्षण असतं.

माझ्या वर्गात एक जागा अजून सुटलेली नाही. बाईंच्या शेवटच्या कागदावर बारावं मिनिट स्वच्छ आहे, सहापैकी पाच. पण तिसाव्या मिनिटाला, मुलं स्वतः गणितं सोडवत असताना, मागच्या दोघांच्या फुल्या पुन्हा दिसतात. त्यांच्या वह्या बघितल्या. दोघांनी पहिली तीन गणितं बरोबर सोडवून ठेवली होती आणि उरलेली तशीच तीन करायची बाकी होती. म्हणजे हा भार नाही, वाहणं आहे. उद्या त्यांना चौथ्याच्या जागी एक चुकीचं सोडवलेलं गणित देणार आहे, १/२ उत्तर असलेलं, आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधायला सांगणार आहे. बाई पुन्हा मागे बसायला तयार आहेत.